फोनची मेमरी फुल्ल झाली? फोटो एकेक पुसत बसू नका, आधी मोठ्या फायली शोधा

खरिपाची पीक पाहणी सुरू झाली की गावागावांत एकच तक्रार ऐकू येते. शेतात जाऊन ॲप उघडलं, पिकाचा फोटो काढायला गेलं, आणि फोन म्हणतो जागा नाही. मग बांधावर उभं राहूनच माणूस गॅलरी उघडतो आणि दिसेल ते फोटो पुसायला लागतो. दहा-वीस फोटो जातात, फोटो कसाबसा निघतो, आणि दोन दिवसांनी फोन पुन्हा भरलेला असतो. घाईत पुसलेल्या फोटोंमध्ये मोजणीचा नकाशा किंवा काट्याची पावती गेली असेल, तर ते काम पडल्यावरच कळतं.

यात दोन चुका होतात. पहिली म्हणजे आपण लहान वस्तू काढतो आणि मोठी जागच्या जागी राहते. दुसरी म्हणजे काय परत मिळणारं आहे आणि काय नाही, हे न बघता आपण पुसतो. दोन्ही टाळायला फार अक्कल लागत नाही, फक्त क्रम नीट पाळावा लागतो.

आधी हिशेब समजून घेऊ. व्हॉट्सॲपवर आलेला ‘शुभ सकाळ’चा एक फोटो साधारण २०० केबीचा असतो, म्हणजे असे पाच फोटो मिळून एक एमबी. हजार फोटो पुसले तरी सुटतात फक्त २०० एमबी. कुणीतरी ग्रुपवर टाकलेला एक पिक्चर मात्र एकटाच १४०० एमबीचा, म्हणजे १.४ जीबीचा असतो. एका पिक्चरच्या जागेत ‘शुभ सकाळ’चे सात हजार फोटो मावतात. तुमच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो ३ ते ५ एमबीचा असतो, पण त्याच कॅमेऱ्याचा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला १०० ते १५० एमबी खातो. म्हणून संध्याकाळभर फोटो पुसत बसलं तरी फरक पडत नाही.

एका फोनची झडती

हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते बघण्यासाठी आम्ही एका डाळिंब बागायतदाराचा फोन त्यांच्यासोबत बसून तपासला. वय ५८, फोन ६४ जीबीचा, तीन वर्षं वापरलेला. “नातवाचे फोटो पुसून पुसून दमलो, तरी ह्याचं पोट भरतच नाही,” ही त्यांची तक्रार. खरं तर पोट भरलेलंच होतं, ते रिकामं होत नव्हतं.

सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जाऊन `Storage` उघडलं. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये हे वेगळ्या जागी असतं. कुठं थेट दिसतं, कुठं `About phone` मध्ये, तर कुठं `Device care` मध्ये. शोधत बसण्यापेक्षा सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत `storage` टाइप करा, लगेच सापडतं. तुमचा फोन मराठीत असेल तर नावं मराठीत दिसतील, पण जागा त्याच असतात.

काकांच्या फोनवर दिसलं ते असं: सिस्टीम १४ जीबी, ॲप १६, व्हिडिओ १९, फोटो ८, कागदपत्रं ३, ऑडिओ १ आणि कचरापेटी २. एकूण ६३. शिल्लक एक जीबी.

यातल्या सिस्टीमच्या १४ जीबीला हात लावता येत नाही. ती फोनची स्वतःची गरज आहे. दुकानात ६४ जीबी म्हणून घेतलेल्या फोनमध्ये आपल्या वाट्याला पन्नासेक जीबीच येतात, ते यामुळे. ३२ जीबीच्या फोनमध्ये तर जेमतेम निम्मी जागा हाती लागते.

आता नीट बघा, काका पुसत होते फोटो, जे ८ जीबी होते. जागा अडवून बसले होते व्हिडिओ आणि ॲप, मिळून ३५ जीबी. हा एक स्क्रीन बघायला दोन मिनिटं लागतात, आणि त्यावरून कुठं खणायचं ते ठरतं.

कचरापेटीत २ जीबी होते. आजकालच्या फोनमध्ये गॅलरीतून पुसलेला फोटो लगेच जात नाही, तो `Trash`, `Bin` किंवा `Recently deleted` नावाच्या पेटीत जातो आणि बहुतेक फोनमध्ये तिथं ३० दिवस राहतो. तोवर त्याची जागा अडलेलीच असते. काकांनी महिनाभर पुसलेलं सगळं तिथंच पडून होतं. म्हणून पोट रिकामं होत नव्हतं.

पेटी रिकामी करण्याआधी आम्ही ती उघडून वरून खालपर्यंत बघितली. आणि बरं झालं. त्यात ठिबकच्या अनुदानासाठी काढलेले संचाचे चार फोटो निघाले, घाईत पुसलेले. ते `Restore` करून परत घेतले, मग बाकी पेटी रिकामी केली. कचरापेटी डोळे झाकून रिकामी करायची नसते, कारण तिथून गेलेलं परत येत नाही.

आधी काय वाचवायचं ते ठरवा

इथं थोडं थांबावं लागतं, कारण बहुतेक नुकसान या टप्प्यावर होतं. लोक म्हणतात महत्त्वाचं म्हणजे सातबारा, आधार, पासबुक. पण नीट विचार केला तर हे सगळं परत मिळतं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपये भरून केव्हाही काढता येतो. आधारची पीडीएफ यूआयडीएआयच्या साइटवरून पुन्हा उतरवता येते, फक्त आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. ही पीडीएफ फोनमधून गेली तर त्रास होईल, नुकसान होणार नाही.

जे परत मिळत नाही ते वेगळंच असतं. गारपिटीनंतर दुसऱ्या दिवशी बागेत काढलेले फोटो. व्यापाऱ्याने काट्यावर दिलेल्या पावतीचा फोटो, ज्याची मूळ पावती धुण्यात गेली. दराबद्दल व्यापाऱ्याशी चॅटवर झालेलं बोलणं, “पैसे पंधरा दिवसांत देतो” असं त्याने लिहिलेलं. बांधावरून वाद आहे त्या जागेचे जुने फोटो. आणि घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज.

काकांच्या फोनमध्ये त्यांच्या थोरल्या भावाचे व्हॉइस मेसेज होते. भाऊ गेल्या वर्षी वारले. “ते तेवढं राहू दे,” एवढंच ते म्हणाले.

व्हॉइस मेसेज फार हलके असतात. मिनिटभराचं बोलणं काही शे केबीत मावतं. दोनशे मेसेज असले तरी पन्नासेक एमबीच्या आसपास. म्हणजे आवाज जपल्याने जागा जात नाही. पण धोका दुसरा आहे. फोनच्या फोल्डरमध्ये या फायलींची नावं `PTT-20230514-WA0003.opus` अशी असतात. मधला आकडा म्हणजे तारीख, पण आवाज कुणाचा हे नावावरून कळत नाही. कुणी हुशार पोरगं फोल्डरमध्ये शिरून “ह्या हजार फायली कसल्या” म्हणत सगळ्या उडवतं, आणि मग चॅटमध्ये मेसेज दिसतो पण वाजत नाही. म्हणून आवाज वाचवायचा असेल तर चॅटमधून वाचवा. मेसेजवर बोट दाबून धरा, `Share` करा आणि गूगल ड्राइव्हवर ठेवा. एकाच वेळी अनेक मेसेज निवडता येतात.

व्यापाऱ्याशी झालेलं बोलणं जपायचं असेल तर ती चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा, `More` मध्ये `Export chat` आहे. ते सगळं लिखाण एका साध्या फाईलमध्ये तारीख-वेळेसह बाहेर काढून देतं. फोटो सोबत हवेत की नकोत तेही विचारतं. पावत्यांचे फोटो असतील तर सोबत घ्या. ही फाईल आपल्याला वाचायला आणि आठवायला कामाची आहे. भांडण पुढं जाणार असेल तर मूळ चॅटही पुसू नका.

आलेले पीडीएफ आणि फोटो शोधायला चॅट वरपर्यंत सरकवत बसायची गरज नाही. चॅटमध्ये वरच्या नावावर बोट लावलं की `Media, links, and docs` दिसतं. तिथं त्या माणसाकडून आलेलं सगळं एकत्र सापडतं. आम्ही तलाठी, बँकेचा माणूस, डाळिंबाचा सल्लागार आणि व्यापारी एवढ्या चारच चॅट बघितल्या. महत्त्वाचं बहुतेक माणसामाणसांच्या चॅटमध्ये असतं, ग्रुपवर क्वचित.

निवडलेलं सगळं ड्राइव्हवर ‘महत्त्वाचे’ नावाचा फोल्डर करून टाकलं. एकूण भरलं १८० एमबी. तीन वर्षांच्या व्यवहाराचे कागद आणि भावाचा आवाज मिळून एका पिक्चरच्या सातव्या हिश्श्याएवढंही झालं नाही.

ड्राइव्हवर टाकलं म्हणजे पोहोचलं असं धरून चालू नका. गावात रेंज जाते-येते, आणि फाईल अर्ध्या वाटेत अडकते. खात्री करायची सोपी रीत अशी: मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर तेच खातं उघडून, नाहीतर फोल्डर त्यांना शेअर करून, दोन-चार फायली उघडून बघा. दुसऱ्या फोनवर उघडली म्हणजे ती खरंच बाहेर गेली. नेट नसेल तर ओटीजीचा पेन ड्राइव्हही चालतो. मेमरी कार्डही चालेल, पण कार्ड कधीकधी काही न सांगता मरतं, म्हणून एकच प्रत कार्डावर ठेवू नका.

आता व्हॉट्सॲप उघडा

वाचवायचं वाचवून झालं की मग पुसायला सुरुवात. बहुतेक गावाकडच्या फोनमध्ये मोठा साठा व्हॉट्सॲपमध्ये असतो, आणि तो बघायची सोय व्हॉट्सॲपमध्येच आहे. तीन टिंबं, `Settings`, मग `Storage and data`, मग `Manage storage`. काकांच्या फोनवर तिथं १५ जीबी दिसले.

या पानावर वर दोन चौकोन असतात. एक `Larger than 5 MB`, म्हणजे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली, आणि दुसरा `Forwarded many times`, म्हणजे हजार हात फिरून आलेल्या. त्याखाली चॅटची यादी, सगळ्यात जास्त जागा खाणारी सगळ्यात वर. काकांच्या यादीत पहिला होता गावच्या तरुण मंडळाचा ग्रुप, ४ जीबी. दुसरा कुस्तीचा ग्रुप, ३ जीबी. व्यापारी यादीत कुठंतरी खाली होता, ४० एमबीवर. तलाठी तर त्याहून खाली.

एक गोष्ट इथं समजून घ्या. व्हॉट्सॲपचे हे १५ जीबी आणि आधी सेटिंगमध्ये दिसलेले १९ जीबी व्हिडिओ, हे वेगवेगळे नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ दोन्हीकडे मोजला जातो. त्यामुळे बेरीज करून घाबरू नका.

`Larger than 5 MB` उघडलं, आणि क्रम लावायच्या चिन्हावर बोट लावून `Largest` निवडलं. पहिली तीन नावं तीन पिक्चरांची निघाली, १.४ जीबी, ९०० एमबी आणि ७०० एमबी. काकांनी त्यातला एकही बघितला नव्हता. ग्रुपवर आले, आपोआप उतरले आणि बसून राहिले. त्याखाली जत्रेतल्या कार्यक्रमाचे व्हिडिओ, एका पुढाऱ्याच्या सभेचं अख्खं भाषण, कुस्त्या, कीर्तनं. पहिल्या चाळीस फायलींतच साडेपाच जीबी निघाले.

इथं `Select all` दाबायचा मोह होतो. दाबू नका. या यादीत लहान-मोठं, कामाचं-बिनकामाचं सगळं मिसळलेलं असतं. आमच्या यादीत तेराव्या क्रमांकावर सल्लागाराने पाठवलेला छाटणीचा व्हिडिओ होता, आणि थोडं खाली नातीच्या बारशाचा. वरून खाली एकेक बघत, हवं ते सोडत, नको ते निवडत गेलो. यादी मोठ्याकडून लहानाकडे असल्यामुळे फार खाली जावं लागत नाही. २० एमबीच्या खाली आलो तेव्हा थांबलो. तिथून पुढं मेहनत जास्त आणि मिळकत कमी.

पुसताना व्हॉट्सॲप कधीकधी विचारतं की या फाईलच्या सगळ्या प्रती पुसायच्या का. एकच व्हिडिओ तुम्ही तीन ग्रुपवर पुढं पाठवला असेल तर असं होतं. सगळ्या प्रती पुसल्या तरच जागा सुटते.

आणि लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपच्या या पानावरून पुसलेलं गॅलरीच्या कचरापेटीत जात नाही. ते थेट जातं. म्हणूनच वाचवायचं काम आधी करायचं.

`Clear chat` वापरायचं असेल तर फक्त ग्रुपसाठी, आणि तोही असा की ज्यात तुमचं काही नाही. माणसाच्या चॅटवर ते दाबलं की लिहिलेलं बोलणंसुद्धा जातं. लिखाण मुळात जागा खात नाही. तीन वर्षांचं लिहिलेलं बोलणं एका छोट्या व्हिडिओएवढंही भरत नाही. ते पुसून काहीच मिळत नाही, गमावायला मात्र बरंच असतं.

व्हॉट्सॲपमधून एकूण ७ जीबी सुटले.

खिशात चालू राहिलेला कॅमेरा

व्हॉट्सॲपच्या बाहेरच्या फायली बघायला बऱ्याच फोनमध्ये गूगलचं `Files` नावाचं ॲप आधीच असतं. नसेल तर प्ले स्टोअरवर `Files by Google` फुकट मिळतं. त्यात `Videos` उघडायचं आणि क्रम `Largest first` लावायचा. तेच तत्त्व, मोठं वर.

काकांच्या यादीत पहिली फाईल होती ३ जीबीची. उघडली तर काळोख. गेल्या वर्षी बागेत व्हिडिओ काढताना बटण बंद करायचं राहिलं आणि फोन खिशात गेला. २३ मिनिटं काळा पडदा आणि चालण्याचा आवाज. साडेसातशे फोटोंची जागा त्या काळोखाने अडवली होती. असा एखादा व्हिडिओ बऱ्याच फोनमध्ये निघतो, आणि गॅलरीत तो एका छोट्या काळ्या चौकोनासारखा दिसतो म्हणून नजरेत येत नाही.

फाईल कुठून आली ते नावावरून ओळखता येतं. नावात `WA` असेल, जसं `VID-20240611-WA0012.mp4`, तर ती व्हॉट्सॲपवर आलेली. ती कुणा दुसऱ्याकडेही असण्याची शक्यता आहे. पण `DCIM` फोल्डरमधल्या `Camera` मधली फाईल म्हणजे तुमच्या फोनने काढलेली, आणि बहुधा जगात तिची तेवढी एकच प्रत. तिच्यावर बोट ठेवण्याआधी दोनदा बघा. पुसायच्या आधी उघडून बघणं एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ वाचतं.

`Android` नावाच्या फोल्डरमध्ये शिरून काही पुसू नका. व्हॉट्सॲपचा सगळा माल तिथंच, आतल्या `media` फोल्डरमध्ये असतो, आणि त्यात `Databases` नावाचा एक फोल्डर असतो. त्यात रोज रात्री होणारा तुमच्या चॅटचा बॅकअप असतो. तो मोठा दिसतो म्हणून काहीजण उडवतात. दुसऱ्या दिवशी तो परत तयार होतो, म्हणजे फायदा शून्य, आणि मधल्या वेळात फोन बिघडला तर चॅट परत आणायला काही उरत नाही.

ॲपच्या पोटातलं

आता ॲपचे १६ जीबी. हे आकडे फसवे असतात, कारण ॲपने उतरवलेला मालही त्यातच धरलेला असतो. सेटिंगमध्ये `Apps` ची यादी आकाराप्रमाणे लावली तर टेलिग्राम आणि यूट्यूब वर आले.

टेलिग्रामचं वागणं व्हॉट्सॲपच्या उलट आहे. तिथं बघितलेला व्हिडिओ फोनमध्ये साठतो, पण मूळ प्रत टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहते. त्यामुळे टेलिग्रामच्या `Settings` मध्ये `Data and Storage`, मग `Storage Usage` मध्ये जाऊन साठा साफ केला तरी चॅट आणि व्हिडिओ जागेवर राहतात, हवं तेव्हा पुन्हा उतरतात. अडीच जीबी असे विनाकष्ट सुटले. यूट्यूबमध्ये `Downloads` मध्ये जाऊन बघितलेली भजनं आणि शेतीचे व्हिडिओ काढले, दोन जीबी. काही भजनं काकांनी ठेवली, शेतात रेंज नसते म्हणून.

इथंच एक धोक्याचं बटण आहे. कुठल्याही ॲपच्या `Storage` पानावर दोन बटणं शेजारी-शेजारी असतात, `Clear cache` आणि `Clear data`. दुसऱ्याचं नाव काही फोनमध्ये `Clear storage` असतं. पहिलं म्हणजे तात्पुरता साठा, तो दाबला तर काही बिघडत नाही. दुसरं मात्र ॲपला नवंकोरं करून ठेवतं. पैसे पाठवायच्या ॲपवर ते दाबलं तर पुन्हा सगळी नोंदणी करावी लागते. पीक पाहणीच्या ॲपवर दाबलं आणि आत एखादी नोंद अजून अपलोड व्हायची असेल, तर तीही जाऊ शकते. `Clear data` ला हात लावायची गरज जागेसाठी सहसा पडत नाही.

ऑडिओच्या एका जीबीत कॉल रेकॉर्डिंग होती. औषध दुकानदाराशी झालेली बोलणी त्यात होती म्हणून तिकडं वळलोच नाही. एका जीबीसाठी एवढं चाळत बसणं परवडत नाही.

मग कचरापेटी पुन्हा उघडली, कारण खिशातला व्हिडिओ पुसल्यावर तो तिथंच गेला होता. रिकामी केली. व्हॉट्सॲपचे ७, काळोखाचे ३, टेलिग्रामचे अडीच, यूट्यूबचे २ आणि पेटीतले आधीचे २, असे साडेसोळा जीबी सुटले. वेळ लागला दीड तास, त्यातला निम्मा वाचवायचं शोधण्यात. नातवाचा एकही फोटो गेला नाही.

गूगल फोटोज वापरत असाल तर

काकांच्या फोनवर गूगल फोटोजचा बॅकअप चालू नव्हता. ज्यांचा आहे त्यांच्यासाठी हे वेगळं सांगायला हवं, कारण इथं शिकलेली पोरंही फसतात. “फोटो वर चढलेत, आता फोनमधले पुसले तरी चालतील” असं म्हणून ते गूगल फोटोज उघडतात आणि तिथूनच पुसतात. त्या ॲपमधून बॅकअप झालेला फोटो पुसला की तो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. दोन जागी असलेली एकच वस्तू आहे असं ते ॲप धरतं.

फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट लावा आणि `Free up space` वापरा. ते फक्त वर पोहोचलेलेच फोटो फोनमधून काढतं. चुकून पुसलंच असेल तर ॲपच्या पेटीत बघा. बॅकअप झालेले फोटो तिथं ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस.

त्याच कोपऱ्यात बॅकअप पूर्ण झालाय की अडकलाय तेही दिसतं. गूगल खात्याला फुकट मिळतात १५ जीबी, आणि त्यात फोटो, ड्राइव्ह, जीमेल सगळं मोडतं. व्हॉट्सॲपचा गूगलवरचा बॅकअपही आता त्यातच धरला जातो. ते १५ जीबी भरले की बॅकअप गुपचूप थांबतो. फोटो काढणाऱ्याला वाटत राहतं की सगळं वर जातंय.

पुन्हा भरू नये म्हणून

व्हॉट्सॲपच्या `Storage and data` मध्येच `Media auto-download` आहे. मोबाईल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तीन ओळी दिसतील. प्रत्येकीत जाऊन `Videos` आणि `Documents` समोरची खूण काढा. मग ग्रुपवर पिक्चर आला तरी तो धूसर दिसेल, तुम्ही बोट लावल्याशिवाय उतरणार नाही. फोटोची खूण ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा, फोटो हलके असतात. याचा तोटाही आहे: कामाची पीडीएफ आली तरी ती उघडून उतरवावी लागेल. आठवडे-महिने तशीच राहिली तर नंतर ती उतरत नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागावी लागते.

काहीजण `Media visibility` बंद करतात आणि जागा वाचली असं समजतात. त्याने नव्याने येणारे फोटो-व्हिडिओ गॅलरीत दिसत नाहीत एवढंच. फाईल फोनमध्ये येतेच, जागा खातेच, फक्त डोळ्यांआड होते.

प्ले स्टोअरवर ‘क्लीनर’ नावाची ॲप ढिगाने आहेत. मोठमोठे लाल आकडे दाखवून घाबरवतात आणि पानापानावर जाहिराती दाखवतात. कुठली फाईल तुमच्या भावाचा आवाज आहे आणि कुठली कुस्ती, हे त्यांना कळत नाही. वर सांगितलेलं सगळं त्यांच्याशिवाय होतं.

आणि चुकून काही गेलंच तर आधी तीन पेट्या बघा: गॅलरीची, `Files` ची आणि गूगल फोटोजची. त्या वेगवेगळ्या असतात, एकीत नसलेलं दुसरीत सापडतं. व्हॉट्सॲपवरून आलेलं असेल तर पाठवणाऱ्याला फोन करा, त्याच्या चॅटमध्ये ते बहुतेक वेळा तसंच असतं. ग्रुपवर आलेलं असेल तर दुसऱ्या सदस्याकडे मागा. आणि ते तुम्हीच कुणाला पाठवलं होतं का, हेही आठवून बघा. काकांच्या बागेतल्या गारपिटीचे दोन फोटो त्यांच्याकडे नव्हते, पण त्यांनी ते त्याच दिवशी पुण्यातल्या मेहुण्यांना पाठवले होते. मेहुण्यांच्या चॅटमधून ते तारखेसकट परत मिळाले.